‘हाय रिस्क’ म्हणजे निदान नव्हे

“एनआयपीटी ९९ टक्के अचूक असते ना? मग रिपोर्टमध्ये हाय रिस्क आलं म्हणजे बाळाला दोष आहेच.”

नाही. एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातल्या डीएनएवरून बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषाची शक्यता सांगणारी तपासणी. ते ९९ टक्के म्हणजे दोष असलेल्या १०० गर्भांपैकी ९९ सापडतात, एवढंच. हजारात एका गर्भाला होणारा दोष घ्या. १०,००० गरोदर स्त्रियांची तपासणी केली, तर दोष असलेले १० गर्भ बहुतेक सगळे सापडतील. पण उरलेल्या ९,९९० जणींपैकी हजारात एकीचा रिपोर्ट जरी चुकला, तरी आणखी १० जणींना हाय रिस्क येईल. म्हणजे घाबरलेल्या २० जणींपैकी निम्म्यांचं बाळ निरोगी!

मुळात आईच्या रक्तात सापडणारा हा डीएनए येतो वारेच्या पेशींमधून, थेट बाळाकडून नाही. कधीकधी गुणसूत्रांचा दोष फक्त वारेतच असतो. अकरा आठवड्यांनंतर होणाऱ्या सीव्हीएस या तपासणीतही वारेचाच तुकडा घेतात, त्यामुळे तीही क्वचित फसते. पंधरा आठवड्यांनंतरच्या अम्नियोसेंटेसिसमध्ये मात्र गर्भजलातल्या बाळाच्या पेशी तपासतात. तो अहवाल हाती येईपर्यंत गर्भपाताचा निर्णय कृपा करून घेऊ नका.