रसग्रहणाचे चार गुण: पार्श्वभूमी

दहावीच्या मराठीच्या परीक्षेत कवितेच्या ओळींच्या रसग्रहणाला चार गुण असतात. त्यातला रस हा शब्द फार जुना आहे. नाट्यशास्त्रात आठ रस होते, शांतरस पुढे जोडला गेला आणि सहृदय वाचकाची चर्चाही त्याच परंपरेतली. शाळेच्या वर्गात मात्र त्यातलं फारसं काही पोचलं नाही. पोचली ती नऊ नावांची यादी आणि 'या ओळींतील रस ओळखा' हा एका शब्दात संपणारा प्रश्न. पद्यावर त्यापलीकडे असायचं ते 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' आणि 'ओळींचा अर्थ सांगा'. त्यांची उत्तरं तपासायला सोपी होती. संदर्भ बरोबर की चूक, अर्थ आला की नाही, एवढं पाहिलं की गुण पडत.

खरा बदल आला तो 2018-19 मध्ये, दहावीला नवं पुस्तक आणि त्यावरची कृतिपत्रिका, म्हणजे कृतींच्या रूपातली प्रश्नपत्रिका, आल्यावर. नववीला तो एक वर्ष आधीच येऊन गेला होता. पहिल्या वर्षी भाषांचे अंतर्गत 20 गुण काढून लेखी परीक्षा पूर्ण 100 गुणांची झाली. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर उतरला आणि पुढच्याच वर्षी 80-20 परत आलं. त्या गोंधळात सगळ्यांचं लक्ष 20 गुणांवर राहिलं. पद्यविभागात दिलेल्या ओळींचं रसग्रहण मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि त्याला आता चार गुण, याची कुरबुर निकालानंतर सावकाश सुरू झाली.

कुरबुरीचं मूळ आहे तीन शब्दांत. रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या अंगांनी करायचं, असं मुलांना शिकवलं जातं. वरवर पाहता सोय चांगली आहे. आशयात विषय आणि संदेश, काव्यसौंदर्यात प्रतिमा, अलंकार नि रस, भाषेत शब्दकळा, लय आणि बोली. पण ओळीत रूपक असेल तर ते काव्यसौंदर्यात घ्यायचं की भाषेत? यमक कुठे? त्याहून अवघड म्हणजे, मुलाला स्वतःला त्या ओळींत काय दिसलं याला या तिघांत जागाच नाही. त्याआधीच्या कृतीत कविता आवडण्याचं किंवा न आवडण्याचं कारण विचारलेलं असतं. म्हणून पुष्कळ शिक्षक धरून चालतात की 'मला वाटतं' तिथे संपलं, रसग्रहणात ते नको. मला हे पटत नाही. आवडनिवड सांगणं वेगळं आणि प्रतिमेचा अर्थ स्वतः लावणं वेगळं. ग्रहण या शब्दातच घेणारा कुणीतरी आहे.

याचा परिणाम कागदावर दिसतो. एका सराव परीक्षेसाठी कापसाच्या वेचणीवर मीच दोन ओळी जुळवून दिल्या होत्या, म्हणजे गाईड शोधून उपयोग नाही:

पऱ्हाटीच्या टोकावरती पांढरं हसू फुललं,
मायच्या बोटांत मात्र काट्यांचं गाणं उरलं.

पहिली उत्तरपत्रिका अमळनेरकडच्या मुलीची, अक्षर मोत्यासारखं. 'प्रस्तुत ओळींत कवीने शेतकऱ्याच्या कष्टमय जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे. रूपक व यमक अलंकारांमुळे काव्यसौंदर्य खुलले आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.' तिन्ही शब्दांच्या वाट्याला एकेक वाक्य आलेलं आहे. असं उत्तर आलं की मी दिलेल्या ओळी तळहाताने झाकतो आणि उत्तर पुन्हा वाचतो. ते नदीवरच्या किंवा सैनिकावरच्या कवितेखालीही एखादा शब्द बदलून चिकटवता येत असेल, तर प्रतिमा वाचलेली नाही. रूपक म्हटलं, पण कशाचं कशावर, ते सांगितलं नाही. आशयाचा एक दिला आणि भाषेचा अर्धा, कारण यमक खरोखर आहे. दीड झाले. मुलगी नाराज झाली. पालकही.

दुसरी पारोळ्याच्या बाजूच्या मुलाची, शाई पसरलेली, ओळी उतरत गेलेल्या. त्याने लिहिलं होतं की बोंड उकललं की लांबून हसल्यासारखं दिसतं, पण वेचताना बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं सोलतात. बघणाऱ्याला हसू दिसतं, वेचणारीला काटे, आणि हे 'मात्र' या शब्दामुळे कळतं. पुढे एक वाक्य खोडलेलं होतं. खालून वाचता येत होतं: 'गाणं म्हणजे दुःख आहे.' वर बारीक अक्षरात नवं वाक्य: 'बायका येचताना गातात ते दुखणं विसराले, म्हणून काटे गातात असं मला वाटतं.'

हे वाचून थांबावं लागतं. आशय आला, शेतकऱ्याचं जीवन असा मोघम नव्हे, तर पाहणं आणि भोगणं यांतला फरक. हसू आणि गाणं या दोन्ही प्रतिमा उलगडल्या, 'मात्र' पकडला. काटे गातात ही चेतनगुणोक्ती, हे नाव त्याला आठवलं नाही, पण काम नेमकं सांगितलं. शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं वाचन आहे आणि ते ओळीतल्या शब्दाला धरून आहे. खोडलेलं वाक्य गुणांत धरत नाहीत, पण ठरावीक अर्थ सोडून तो पुढे कसा गेला हे मला त्यातच दिसलं. अलंकाराचं नाव नाही आणि लयीबद्दल अवाक्षर नाही, म्हणून अर्धा कापला. साडेतीन.

स्वतःचं वाचन म्हणून काहीही चालतं असं मात्र नाही. तिसऱ्या मुलाने लिहिलं की कापूस विकून पैसे आले म्हणून माय आनंदाने गात आहे. वाक्यं ओघवती, मुद्दा त्याचा स्वतःचा. पण ओळींत विक्री कुठेच नाही, आणि 'मात्र' व 'काटे' दोन्ही त्याला वगळावे लागले. अर्थ लावण्यासाठी शब्द गाळावे लागत असतील, तर ते वाचन त्या ओळींचं नाही. पऱ्हाटीचं हसू म्हणजे फुटलेली बोंडं हे त्याने ओळखलं होतं, त्याचा एक दिला.

दुसऱ्या पत्रिकेवर सहकाऱ्याशी वाद झाला तो 'येचताना', म्हणजे वेचताना, आणि 'विसराले', म्हणजे विसरायला, या शब्दांवर. त्याचं म्हणणं, उत्तर प्रमाण भाषेत हवं, गुण कापा. खानदेशात हा प्रश्न दर वर्षी येतो, कारण घरात अहिराणी नाहीतर लेवा गणबोली, आणि घाईत लिहिताना हात घराकडे वळतो. गंमत अशी की आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या ओळी आल्या की हीच मुलं भाषिक वैशिष्ट्यांत डोळे मिटून 'अहिराणी बोली' लिहितात आणि गुण मिळवतात. ती बोली लेवांची आहे हे तपासणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. शुद्धलेखनाला आणि व्याकरणाला कृतिपत्रिकेत वेगळा विभाग आहे, त्याचे गुण इथे पुन्हा कशाला कापायचे, एवढंच मी म्हणालो.

सहकाऱ्याने तीन लिहिले, मी साडेतीन. मुख्याध्यापकांनी दोन्ही आकडे पाहिले, पत्रिका उलटी धरून खोडलेली ओळ वाचली आणि साडेतीनखाली सही केली. 'विसराले'खालची सहकाऱ्याची लाल रेघ तशीच राहिली.