दार उघडं होतं, पण जहाज तेवढ्यानंच उलटलं का?

६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ नावाची फेरी इंग्लंडमधल्या डोव्हरकडे निघाली, आणि बंदराबाहेरचा शेवटचा बांध ओलांडून चारेक मिनिटं होतात न होतात तोच उलटली. १९३ माणसं गेली. कारण काय, तर पुढचं दार उघडं राहिलं होतं, म्हणजे जिथून गाड्या आत घेतात ते. ज्याच्यावर दार बंद करायची जबाबदारी तो सहायक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस, केबिनमध्ये झोपला होता. झालं, सापडला गुन्हेगार, केस बंद!

पण थांबा, एक अडचण आहे. १९८३ मध्ये याच कंपनीची याच बनावटीची दुसरी फेरी डोव्हरहून दार उघडं ठेवून निघाली आणि झीब्रुगला व्यवस्थित पोचली, तिथेही दार बंद करणारा झोपलेलाच होता. तेच दार, तीच झोप, आणि काहीच झालं नाही. म्हणजे उघडं दार हे पुरेसं कारण नाही, कारण पुरेसं म्हणजे ते असलं की परिणाम झालाच पाहिजे.

मग आवश्यक आहे का? इथे चाचणी सोपी आहे, ती गोष्ट मनातल्या मनात काढून टाकायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि अपघात उरतो का बघायचं. दार बंद असतं तर त्या संध्याकाळी पाणी आत आलंच नसतं, म्हणजे आवश्यक. पण हे त्या अपघातापुरतंच हं, फेरी उलटायला दार उघडंच लागतं असं काही नाही, दुसरीकडून भोक पडलं तरी ती उलटू शकते. लोक इथे हमखास गोंधळतात.

आता बाकीचं बघू. ही फेरी मुळात डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले या मार्गासाठी बनवलेली, झीब्रुगच्या धक्क्यावरचा रॅम्प वरच्या डेकपर्यंत पोचायचा नाही, म्हणून पुढच्या टाक्यांमध्ये पाणी भरून नाक खाली घ्यायचे, आणि ते पाणी उपसायला वेळ लागतो त्यामुळे निघताना ते पूर्ण काढलेलंच नव्हतं, म्हणजे दाराचा उंबरठा समुद्राच्या आणखी जवळ. त्यात पाणी उथळ. उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं की तळाखालून पाणी जोरात वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज आणखी खाली बसतं. त्यात कॅप्टनने वेग वाढवला, पोचला सुमारे १८ नॉटपर्यंत, आणि नाकापुढे उठणारी लाट वेगाबरोबर भराभर उंच होते. लाट उंबरठ्याच्या वर गेली आणि पाणी टनावारी आत.

आता यातला एकेक घटक काढून बघा. वेग कमी असता तर? लाट उंबरठ्यापर्यंत आली नसती, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. नाक वर असतं तर? कदाचित वाचले असते, कदाचित थोडं उशिरा बुडाले असते. असं 'कदाचित' उत्तर येतं तेव्हा त्याला हातभार लावणारं कारण म्हणतात, म्हणजे त्याने शक्यता वाढवली, पण त्याच्याशिवाय झालंच नसतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि कोणी विचारलं की वेगाचा वाटा किती टक्के, तर मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. दार बंद असतं तर वेगाचा वाटा शून्य आणि वेग कमी असता तर दाराचा वाटा शून्य, हा हिशोब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे.

पाणी आत आल्यावरची गोष्ट वेगळी. गाड्यांचा डेक म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हॉल, मध्ये एकही आडवी भिंत नाही. ताटात पाणी घेऊन चाललं की ते एका कडेला धावतं आणि ताट आणखी कलतं ना, तसंच. सगळं दीड मिनिटाच्या आसपास. ही भिंत नसणं म्हणजे कोणाची चूक नव्हे, ते डिझाइन होतं, पण कारणांच्या यादीत त्याची जागा झोपेइतकीच पक्की आहे.

आणि झोप? तिलाही तीच चाचणी लावा. तो जागा असता तर दार बंद झालं असतं, म्हणजे आवश्यक. पण फर्स्ट ऑफिसरने दार बंद झाल्याची खात्री करूनच तिथून हलायचं होतं, तो थांबला असता तरीही दार बंद झालं असतं. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवरून कॅप्टनला दार दिसत नव्हतं, आणि दार उघडं की बंद हे सांगणारा दिवाही नव्हता. तो दिवा बसवा अशी मागणी कंपनीच्याच कॅप्टन लोकांनी आधी केलेली, ती हसण्यावारी नेली गेली. अपघातानंतर बाकीच्या जहाजांवर तो दिवा काही दिवसांतच बसला.