नाकात वाढणारी लस कोणाला चालते?

फ्लूच्या इंजेक्शनमध्ये मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, काही लशींमध्ये तर नुसतं त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. नाकात फवारायच्या लशीतला विषाणू मात्र जिवंत असतो, आणि तो नाकात थोडाफार वाढला तरच लस लागू पडते. एकीत सुई आहे, दुसरीत नाही, हा फरक मुलांच्या दृष्टीने मोठा असला तरी कोणाला कोणती लस द्यायची हे ठरतं ते या जिवंतपणावरून.

जिवंत विषाणू नाकात सोडून फ्लू कसा होत नाही? त्याला थंडीची सवय लावलेली असते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॉन मासाब यांनी १९६० सालचा एक फ्लूचा विषाणू टप्प्याटप्प्याने कमी तापमानाला वाढवत २५ अंश सेल्सिअसपर्यंत आणला. या सवयीच्या बदल्यात तो उष्णतेला नाजूक झाला. नाकाच्या पुढच्या भागात, जिथे बाहेरची गार हवा खेळते, तिथे तो तग धरतो. फुप्फुसांच्या उबेत त्याची वाढ खुंटते. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ तुकड्यांत असतात. दरवर्षी त्या मोसमाच्या विषाणूचे पृष्ठभागाची प्रथिनं घडवणारे दोन तुकडे घेतात आणि थंडीला सरावलेल्या विषाणूचे सहा. वरचा पेहराव नवा, आतला विषाणू तोच जुना, दुबळा.

प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिलिलीटर फवारा मारला की झालं. जोरात श्वास ओढावा लागत नाही, आणि लगेच शिंक आली म्हणून डोस पुन्हा द्यावा लागत नाही. शरीराला हा नाकातून शिरलेला संसर्गच वाटतो, त्यामुळे रक्ताबरोबर नाकाच्या अस्तरातही प्रतिपिंडं तयार होतात. इंजेक्शनची प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात असतात. फवाऱ्यानंतर एक-दोन दिवस नाक वाहणं हा त्याचा नेहमीचा त्रास. काही दिवस फ्लूची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण नाकात लशीचाच विषाणू सापडतो.

या लशीचं मर्म तिच्या अपयशातून नीट कळलं. २०१३ ते २०१६ दरम्यान अमेरिकेत ती एच१एन१ विषाणूविरुद्ध कमी पडत असल्याचं दिसलं, आणि तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने पुढचे दोन मोसम ती वापरू नका असं सांगितलं. ब्रिटनने मुलांसाठी ती चालू ठेवली. तपासात संशय गेला तो लशीतल्या एच१एन१ घटकावर: तो नाकातल्या पेशींमध्ये नीट वाढतच नव्हता. चांगला वाढणारा घटक घातल्यावर २०१८-१९ च्या मोसमात अमेरिकेत लस परत आली.

आता एक घर समजा. सात वर्षांची धडधाकट मुलगी दोन्हीपैकी कोणतीही लस घेऊ शकते. आयुष्यात पहिल्यांदाच घेत असेल तर अमेरिकेतल्या शिफारशीनुसार नऊ वर्षांखालच्या मुलांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग लस कुठलीही असो. तिचा तीन वर्षांचा भाऊ गेल्या वर्षभरात छातीत घरघर होऊन आजारी पडला असेल, तर त्याला इंजेक्शनच. एक वर्षाच्या बाळालाही तेच. मोठ्या चाचणीत दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये फवाऱ्यानंतर घरघर वाढल्याचं दिसलं होतं, म्हणून फवारा दोन वर्षांपासून आणि इंजेक्शन सहा महिन्यांपासून. आई गरोदर असेल तर जिवंत लस टाळतात. इंजेक्शन चालतं, नव्हे, घ्यावंच.

वडील अडतिशीतले आणि निरोगी आहेत. अमेरिकेत ४९ वर्षांपर्यंत फवारा घेता येतो, ब्रिटनमध्ये तो १८ वर्षांखालच्यांनाच देतात. प्रौढांनी आधी बरेच फ्लू झेललेले असतात. ती जुनी प्रतिकारशक्ती लशीच्या विषाणूला वाढू देत नाही, असं मानलं जातं. सत्तरीच्या आजोबांना इंजेक्शनच, तेही शक्यतो ज्येष्ठांसाठीचं जास्त ताकदीचं.

आजी नुकत्याच अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊन निर्जंतुक कक्षात असतील, तर त्यांची देखभाल करणाऱ्यांनीही फवारा घेऊ नये, कारण विषाणू थोडे दिवस नाकातून बाहेर पडत राहतो. ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खालावली आहे, त्यांना फवारा वर्ज्यच. अ‍ॅस्पिरिन नियमित घेणाऱ्या मुलांनाही तो देत नाहीत: फ्लूच्या संसर्गात अ‍ॅस्पिरिन घेतल्याने रेज सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

नाक गच्च चोंदलेलं असेल तर फवारा अस्तरापर्यंत पोचत नाही. बरं होईपर्यंत थांबावं किंवा सरळ इंजेक्शन घ्यावं. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध चालू असतानाही फवारा वाया जातो. ते औषध लशीचा आणि आजाराचा विषाणू असा भेद करत नाही. इंजेक्शनला त्याची अडचण नाही, कारण त्यात वाढायला काही नसतंच.