फोटोत वरची बाजू, कीड खालच्या बाजूला

"कपाशीची पानं मुरडलीत, कडा लाल झाल्यात. फोटो पाठवलाय. व्हायरसच ना? कोणतं बुरशीनाशक मारू?"

व्हायरस असता तरी बुरशीनाशकाने हटला नसता. कडा खाली वळून आधी पिवळ्या आणि मग लाल झाल्या असतील, तर बहुधा तुडतुडे आहेत. वरून काढलेल्या फोटोत ते कसे दिसणार? पान हळूच उलटा. फिकट हिरवी पिल्लं तिरपी पळतात. एकरात विखुरलेल्या 20 झाडांची वरचं, मधलं, खालचं अशी तीन-तीन पानं मोजा. पानामागे सरासरी दोन-तीन पिल्लं भरली तरच कीटकनाशक घ्या. पिल्लं नाहीत, पान सपाट, शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, तेही खालच्या पानांपासून सुरू झालेलं असेल, तर मॅग्नेशियमची कमतरता तपासा.