निवळण्याचं तापमान वेगळं, सीएसटी वेगळं

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला फेनॉल-पाण्याचा प्रयोग करणारे बरेच जण पहिलं मिश्रण निवळलं की तेच तापमान सीएसटी म्हणून लिहून मोकळे होतात. खरं तर निवळण्याचं तापमान त्या एका मिश्रणाचं असतं. वरचं क्रांतिक द्रावण तापमान, म्हणजे सीएसटी, मात्र फेनॉल-पाणी या जोडीचं असतं. वेगवेगळ्या मिश्रणांची तापमानं आलेखावर मांडल्याशिवाय ते हाती लागत नाही.

बॉइलिंग ट्यूबमध्ये 5 ग्रॅम फेनॉल आणि 5 मिली पाणी घ्या. हे झालं वजनाने 50 टक्के. वॉटर बाथमध्ये ढवळत तापवलं की 64-65 अंशांच्या आसपास गढूळपणा जातो. बाहेर काढून थंड होऊ दिलं की जवळपास त्याच तापमानाला तो परत येतो. दोन्ही नोंदींची सरासरी घ्यायची. आता ब्युरेटने पाणी वाढवत एकूण 20 मिलीपर्यंत न्या, म्हणजे फेनॉल 20 टक्के. हे मिश्रण निवळतं साधारण 63 अंशांना. दोन अगदी वेगळी मिश्रणं, तापमानं मात्र जवळजवळ सारखी, आणि त्यातलं एकही सीएसटी नाही! हे दोन बिंदू वक्राच्या दोन बाजूंना आहेत, शिखर त्यांच्या मधे आहे: सुमारे 66 अंश, फेनॉल 34-36 टक्के. त्यासाठी त्या 5 ग्रॅमला नऊ-दहा मिली पाणी लागतं. 66 अंशांच्या वर मात्र फेनॉल-पाणी कोणत्याही प्रमाणात घ्या, एकच थर राहतो.

पंचाईत अशी की वक्राचा माथा बराच सपाट असतो. त्यामुळे तापमान नीट वाचता येतं, पण शिखराखालचं प्रमाण नजरेने ठरवायला गेलं की सहज दोन-तीन टक्क्यांनी चुकतं. त्यावर उपाय आहे. आलेखावर आडव्या रेषा मारा. 50 अंशांची रेषा वक्राला सुमारे 12 आणि 63 टक्क्यांना छेदते, मध्य 37.5. 60 अंशांना 17 आणि 56, मध्य 36.5. असे मध्यबिंदू जवळपास सरळ रेषेत येतात. ती रेषा वर वाढवली की वक्राला जिथे भेटते तो क्रांतिक बिंदू.

ट्यूबमध्येही फरक दिसतो, फक्त ढवळणं थांबवून थर बसू द्यायला हवेत. 20 टक्क्यांच्या मिश्रणात तापमान वाढेल तसा खालचा, फेनॉलचा थर आक्रसत जाऊन संपतो. क्रांतिक प्रमाणाचं मिश्रण असेल तर दोन्ही थर शेवटपर्यंत टिकतात आणि त्यांच्यातली सीमारेषाच पुसट होत नाहीशी होते. माझ्या मते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गोंधळ उरत नाही.

सगळा वक्रच वर सरकलेला दिसला तर आधी पाणी तपासा. डिस्टिल्डऐवजी नळाचं घेतलेलं असू शकतं. पाण्यात क्षार असले की सीएसटी चढतं, 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइडनेच ते सुमारे 8 अंशांनी वाढतं. धुतलेल्या ट्यूबमध्ये साबण राहिला असेल तर उलट, ते उतरतं.