‘प्रोफेशनल कर’, ‘मजेशीर कर’ : दोन सूचनांची पार्श्वभूमी

लिहिलेला मजकूर दुसऱ्याकडे देऊन ‘जरा प्रोफेशनल कर’ किंवा ‘थोडा मजेशीर कर’ असे सांगणे आता रोजचे झाले आहे. लेखनाच्या ॲपमध्ये त्यासाठी बटणे आहेत आणि भाषामॉडेलला अशी विनंती एका ओळीत करता येते. पण हा एकच शब्द वापरणाऱ्या दोघांच्या मनात अनेकदा दोन वेगळे मजकूर असतात. हा गोंधळ या साधनांनी निर्माण केलेला नाही. तो आधीपासूनच होता. साधनांनी तो एका बटणात बंद केला.

पूर्वी पत्राचा सूर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर नव्हता. बाराव्या शतकात इटलीत पत्रलेखनाच्या पुस्तिका तयार झाल्या. त्यांत पत्राचे पाच भाग सांगितले होते आणि त्यांतला मायना पत्र कोणाला जाते यावर ठरत असे : वरिष्ठाला, बरोबरीच्याला की कनिष्ठाला. सूर ठरवायला वाचणारा समोर असावाच लागे. पुढे विसाव्या शतकात कंपन्यांनी आपापल्या शैलीपुस्तिका काढल्या आणि सुराची मालकी संस्थेकडे गेली. 1970च्या दशकात अमेरिकेत कर्जाचे करार सोप्या भाषेत लिहिण्याची चळवळ उभी राहिली. लांब वाक्ये आणि कर्ता लपवणारी रचना म्हणजे व्यावसायिक भाषा, या समजुतीलाच तिने हात घातला. ‘प्रोफेशनल’ म्हणजे जड की स्पष्ट, हा वाद तेव्हापासून उघडपणे चालू आहे.

खरा पेच संगणकीय संशोधनात पडला. मजकुराचा अर्थ तोच ठेवून शैली बदलण्याचे काम 2017च्या सुमारास जोमात आले. त्यासाठी ‘शैली’ मोजता येईल अशी हवी होती. काहींनी त्यात वाक्याची भावना, म्हणजे प्रतिकूल अभिप्राय अनुकूल करणेही धरले. ‘सेवा वाईट होती’चे ‘सेवा उत्तम होती’ केले, तर शैली नव्हे, विधानच बदलते, हा आक्षेप रास्त होता आणि आजही आहे. दुसरा मार्ग औपचारिकतेचा होता. 2018 मध्ये या कामासाठी सुमारे 1 लाख 10 हजार इंग्रजी वाक्यजोड्यांचा संच प्रसिद्ध झाला. मूळ वाक्ये एका प्रश्नोत्तर-संकेतस्थळावरची होती, आणि माणसांकडून ती औपचारिक करून घेतली होती. त्यांनी कॅपिटल अक्षरे आणि विरामचिन्हे नीट केली, संक्षेप उलगडले, बोलीतले शब्द बदलले, वाक्ये नव्याने मांडली.

एकाच अक्षावर शैली मोजण्याचा हा निर्णय संशोधनासाठी सोयीचा होता, कारण त्यामुळे निकाल ताडून पाहता आले. पण वाक्ये सुटी होती. ती कोण कोणाला लिहितो आहे आणि त्यातून काय घडायला हवे, हे वाक्यात नव्हतेच. संशोधकांनी त्याला ‘औपचारिक’ असेच म्हटले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. बटणांवर मात्र ‘प्रोफेशनल’ आले. हे दोन शब्द एकाच गोष्टीची नावे मानणे, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट आहे.

एक उदाहरण घेऊ. अंकाचा संपादक जाहिरातदाराला लिहितो : ‘तुमची फाइल अजून आली नाही. तिसऱ्यांदा विचारतोय. गुरुवारी छपाईला द्यायचंय. बुधवारी दुपारी बारापर्यंत नाही मिळाली, तर तुमचं पान वगळावं लागेल.’ हाच मजकूर औपचारिकतेच्या अक्षावर वर सरकवला की साधारण असा होतो : ‘आपणांस नम्र विनंती करण्यात येते की, संबंधित फाइल शक्य तितक्या लवकर उपलब्ध करून द्यावी. विलंब झाल्यास मुद्रणप्रक्रियेवर परिणाम होण्याची शक्यता आहे.’ कानाला तो व्यवस्थित लागतो. पण बुधवार गेला, बाराची वेळ गेली, पान वगळण्याची गोष्ट गेली. शिवाय विनंती कोण करतो आहे तेही दिसेना. जाहिरातदाराने हे वाचून शुक्रवारी फाइल पाठवली, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता ‘प्रोफेशनल कर’ म्हणणारे तीन संपादक कल्पून पाहा. पहिल्याला स्वतःचा राग झाकायचा आहे. त्याच्यासाठी ‘तिसऱ्यांदा विचारतोय’ एवढेच काढायचे, बाकीचे जसेच्या तसे. दुसऱ्याला उद्या वाद झाला तर पुरावा हवा आहे. त्याच्यासाठी तेच वाक्य ठेवायचे, उलट आधीच्या दोन्ही स्मरणपत्रांच्या तारखा घालायच्या. तिसरा वयाने लहान आहे आणि जाहिरातदार जुना, मोठा. त्याला ‘तुमची’ऐवजी ‘आपली’ हवे आणि सुरुवातीला दोन शब्द आदराचे. पहिल्याला जे काढायचे तेच दुसऱ्याला वाढवायचे आहे. सूचना मात्र तिघांचीही तीच.

2016 मध्ये संकेतस्थळांच्या सुराचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने चार अक्ष सुचवले : विनोदी–गंभीर, औपचारिक–अनौपचारिक, आदरयुक्त–बेफिकीर, उत्साही–रोखठोक. वरचे तिघे यातून बऱ्यापैकी वेगळे काढता येतात. तिसरा आदराच्या अक्षावर आहे, पहिल्याला रोखठोकपणा हवा आहे. दुसऱ्याला मात्र सूर बदलायचाच नाही, त्याला तपशील वाढवायचा आहे. त्याची गरज कुठल्याच अक्षावर बसत नाही.

‘मजेशीर’ची कथा वेगळी आहे, आणि तिची सुरुवात गैरसमजातूनच झाली. 1982 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर गंमत म्हणून लिहिलेला मजकूर कोणी कोणी खरा मानू लागले. तेव्हा एका प्राध्यापकांनी विनोदाखाली :-) अशी खूण करावी असे सुचवले, आणि गंभीर मजकुरासाठी :-( सुचवली. लिहिणाऱ्याचा हेतू अक्षरांतून पोहोचत नाही, याची ती कबुली होती. 2005 मध्ये एका प्रयोगाने ते आकड्यांत दाखवले. ईमेलमधले वाक्य उपहासाचे आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असे पाठवणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात 56 टक्के वेळाच कळले, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जरासेच बरे. तेच आवाजात ऐकवल्यावर 73 टक्के वेळा ओळखता आले.

संपादकाचा निरोप मजेशीर करायचा झाला, तर विनोद कोणावर हे आधी ठरवावे लागते. ‘तुमची फाइल सहलीला गेलीय का?’ हा रोख उशीर करणाऱ्यावर आहे. नाते जुने असेल तर चालेल, नसेल तर टोमणा होईल. ‘पान रिकामं पाहून आमच्या छपाईवाल्याला झोप येईना’ यात रोख आपल्या बाजूवर आहे, म्हणून जोखीम कमी. काहींना तर विनोद नकोच असतो, फक्त आवळलेला सूर सैल हवा असतो. त्यांना श्लेष घालून दिला की ते ‘हे फारच झालं’ म्हणतात, आणि करणाऱ्याला आपले काय चुकले ते उमगत नाही.

त्यामुळे काही जण आता विशेषण टाळून परिस्थितीच सांगू लागले आहेत : ‘जाहिरातदार जुने आहेत, बुधवार बाराची मुदत आणि पान वगळण्याचे वाक्य हलवायचे नाही, फक्त राग काढ.’ अशी सूचना लांब होते, आणि एका दाबात काम व्हावे म्हणून आणलेल्या बटणाचा हेतूच त्यात मागे पडतो. पण बदललेला मजकूर तपासायला ती उपयोगी पडते. मागणी, मुदत, परिणाम आणि ते सांगणारा कर्ता, या चार जागा नव्या मजकुरात बोट ठेवून दाखवता आल्या पाहिजेत. वरच्या ‘नम्र विनंती’च्या मजकुरात यांतली फक्त मागणी सापडते.