चौकोनी पडद्याची सवय: काउंटर-स्ट्राइकमधल्या ‘स्ट्रेच्ड’ची पार्श्वभूमी

वाशी-नेरुळकडच्या एखाद्या गेमिंग कॅफेत काउंटर-स्ट्राइक २ हा बंदुकांचा खेळ चालू असताना पोरांच्या मागे उभं राहून पाहिलं, की बऱ्याच स्क्रीनवर खेळातली माणसं जाडजूड, बसकी दिसतात आणि कोपऱ्यातला गोल रडार अंड्यासारखा झालेला असतो. मॉनिटर १९२०×१०८० चा, पण गेम १२८०×९६० वर, ४:३ मध्ये, ओढून पूर्ण पडदाभर पसरलेला. यालाच ‘स्ट्रेच्ड’ म्हणतात. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमची संख्या, वाढतो आणि शत्रूचं डोकं मोठं दिसतं. दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या आहेत. पण ही सवय या दोन्हीतून लागलेली नाही. ती लागली तेव्हा ४:३ हाच सरळसरळ फायद्याचा सौदा होता.

२००० नंतरची काही वर्षं ठाणे स्टेशनच्या परिसरातल्या सायबर कॅफेंत लॅनवर काउंटर-स्ट्राइक १.६ चालायचा तो सतरा इंची सीआरटी मॉनिटरांवर. सीआरटी पडदा ४:३ चा, आणि त्याला स्वतःचे ठरावीक पिक्सेल नसतात. इलेक्ट्रॉनांचा झोत जितक्या ओळी ओढायला सांगाल तितक्या ओढतो. मर्यादा असते ती सेकंदाला एकूण किती ओळी ओढता येतील याची. सेकंदाला साधारण ७०,००० ओळींची क्षमता असलेला सतरा इंची मॉनिटर १०२४×७६८ वर ८५ हर्ट्झपर्यंत जायचा, तोच ८०० ×६०० वर १०० हर्ट्झ सहज द्यायचा. ओळी कमी म्हणजे पडदा सेकंदाला जास्त वेळा रंगवता येतो. त्यामुळे रिझोल्यूशन उतरवलं की ग्राफिक्स कार्डावरचा भार कमी आणि हालचालही जास्त सलग, असा दुहेरी लाभ होता, आणि चित्र धूसरही व्हायचं नाही. विंडोज एक्सपी गेम सुरू होताना रिफ्रेश रेट गुपचूप ६० वर आणून ठेवायचा, म्हणून जाणकार मंडळी लाँच ऑप्शनमध्ये `-freq 100` लिहायची.

त्यात १.६ च्या इंजिनाची, म्हणजे गोल्डसोर्सची, एक खोड होती. त्यात आडवा दृष्टिकोन, म्हणजे डावीकडून उजवीकडे किती दिसतं तो कोन, ९० अंशांवर पक्का होता. ४:३ वर त्यातून उभा कोन सुमारे ७४ अंश मिळतो. रुंद १६:९ पडदा लावला तर आडवे ९० तेच राहतात आणि उभा कोन ५९ अंशांवर येतो. म्हणजे महागडा रुंद मॉनिटर घेणाऱ्याला बाजूंना काही जास्त दिसायचं नाही, उलट वरचं-खालचं कापलं जायचं. त्या काळात चौकोनी पडद्याचा हट्ट धरणारे बरोबर होते.

पुढे सोर्स इंजिन आलं आणि हिशेब उलटला. २०१२ च्या काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये उभा कोन ७४ अंशांवर पक्का झाला आणि पडदा रुंद होईल तसा आडवा कोन वाढू लागला: ४:३ वर ९०, १६:९ वर सुमारे १०६. आता चौकोनी पडदा निवडणारा डावीकडून आठ आणि उजवीकडून आठ अंश गमावू लागला. तोवर सीआरटी कॅफेंतून भंगारात गेले होते आणि दुकानात मिळत होते ते १६:९ चे एलसीडी. पण दहा वर्षं ४:३ वर घडलेला खेळाडू ही चौकट सोडायला तयार नव्हता. काहींनी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या, बाकीच्यांनी चित्र ओढून पडदा भरला. व्यावसायिक खेळाडूंतही हेच रुजलं. युक्रेनचा ‘सिंपल’ १२८०×९६० स्ट्रेच्डवर खेळत आला, आणि मोठ्या खेळाडूंच्या सेटिंग्ज जशाच्या तशा उतरवणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती.

ओढल्याने नेमकं काय होतं? ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलं की प्रत्येक गोष्ट आडवी एक-तृतीयांशाने फुगते. मूळ १०८० वर एखादं शरीर ३० पिक्सेल रुंद दिसत असेल, तर ते स्ट्रेच्डवर ४० पिक्सेल जागा व्यापतं. उंची तीच राहते. डोळ्याला हे खरोखर मोठं दिसतं आणि दूरच्या फटीत उभा असलेला माणूस लवकर लक्षात येऊ शकतो. मात्र १२८०×९६० वर तेच शरीर मुळात सुमारे २७ पिक्सेलांत रंगवलेलं असतं, तेच पुढे ४० वर पसरतं. आकार वाढला, तपशील घटला.

आणि माऊससाठी ते शरीर अजिबात मोठं झालेलं नसतं. खेळाच्या जगात त्याचा कोन तेवढाच आहे, त्यामुळे क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायला हात तेवढाच हलवावा लागतो. फरक एवढाच की पडद्यावर सगळं आडवं एक-तृतीयांश जास्त वेगाने सरकल्यासारखं वाटतं, पळणारा शत्रूसुद्धा. म्हणून ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या काळात काही जण माऊसची आडवी गती ठरवणारं `m_yaw` ०.०२२ वरून ०.०१६५ वर आणायचे, म्हणजे आडवी आणि उभी गती डोळ्याला सारखी वाटावी. मला हा उपाय प्रामाणिक वाटतो, पण तो केल्यावर तेच अंतर वळायला हात जास्त हलवावा लागतो.

एफपीएसचा दावा मात्र यंत्रागणिक बदलतो. १२८०×९६० मध्ये १०८० च्या तुलनेत फक्त ५९ टक्के पिक्सेल असतात. समजा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉलेजच्या लॅपटॉपवर एक फ्रेम रंगवायला ग्राफिक्सला १६.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ६० एफपीएस. सगळं काम पिक्सेलांच्या प्रमाणात घटलं असं धरलं, तर वेळ १० च्या आसपास येईल आणि १०० एफपीएस मिळायला हवेत. पण त्याच फ्रेमचं गणित करायला प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागत असतील, तर गाडी ८३ वर अडते. आता चांगल्या कार्डाचा पीसी घ्या: प्रोसेसर ४ मिलिसेकंद, कार्ड १०८० वरसुद्धा ३. तिथे आधीही २५० आणि नंतरही २५०. ग्लोबल ऑफेन्सिव्ह बहुतेक यंत्रांवर या दुसऱ्या प्रकारचा होता. २०२३ चा काउंटर-स्ट्राइक २ कार्डाकडून जास्त काम घेतो, त्यामुळे मध्यम पीसीवर फायदा पुन्हा दिसू लागला. ओळखायची खूण सोपी आहे: १०८० वर कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तरच रिझोल्यूशन उतरवून काही हाती लागेल.

उरला प्रश्न चित्र ओढतं कोण. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये स्केलिंग ‘फुल-स्क्रीन’ ठेवून ते काम कार्डाने करायचं की मॉनिटरने, हे निवडता येतं. मॉनिटरच्या बटणांचा मेनू उघडला की कळतं: तिथे १९२०×१०८० दिसत असेल तर कार्ड ओढतंय, १२८०×९६० दिसत असेल तर मॉनिटर. एलसीडीचे पिक्सेल पक्के असल्याने उभं १.१२५ पट आणि आडवं दीडपट ताणताना कडा धूसर होतातच. ९६० चे १०८० पूर्ण पटीत बसत नाहीत. काळ्या पट्ट्या जात नसतील तर गेम बहुधा खऱ्या फुल-स्क्रीनऐवजी विंडोमध्ये चालू असतो. त्याच मेनूत रिफ्रेश रेटही बघून घ्यावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर खालच्या रिझोल्यूशनवर कधी कधी ६० वर येऊन बसतो, आणि मग वाढलेले एफपीएस पडद्यापर्यंत पोचतच नाहीत.

व्हॅलोरंट या अशाच दुसऱ्या खेळात ही युक्ती तशी चालत नाही. तो बनवणाऱ्या रायट कंपनीने आडवा कोन १०३ अंशांवर ठेवला आहे. ४:३ निवडून ‘फिल’ केलं तर क्रॉसहेअर आणि पडद्यावरचे आकडे रुंद होतात, समोरचा माणूस आहे तेवढाच राहतो.